दुष्टचक्राची शंभर वर्षं: बैलजोडीपासून गायीपर्यंत

कमावलेलं सगळं पोटात जातं, म्हणून शिल्लक राहत नाही. शिल्लक नाही म्हणून अवजार, विहीर, जनावर घेता येत नाही. ते नाही म्हणून पुढच्या वर्षीही कमाई तेवढीच. अर्थशास्त्रात याला दारिद्र्याचं दुष्टचक्र म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकात ते राग्नार नर्क्से यांच्या नावावर असतं. मूळचे एस्टोनियाचे असलेल्या नर्क्से यांनी 1951 मध्ये रिओ दि जानेरोत व्याख्यानं दिली. ती वाढवून 1953 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ही कल्पना जगभर गेली. पण तिचा गाभा त्याआधी तीन दशकं, मुंबई इलाख्यातल्या जमिनीच्या तुकड्यांवर वाद चालू असताना, एका मराठी माणसाने मांडला होता.

तो वाद असा होता. वाटण्या होत होत शेतं इतकी लहान झाली की त्यांवर कुटुंब जगेना, असं सरकारी शेतीखात्याचं निदान होतं. शेतीतज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी 1917 मध्ये प्रसिद्ध केली, तिने या निदानाला आधार दिला. (आज तिथे इमारतींची दाटी आहे, तेव्हा ते कोरडवाहू खेडं होतं.) उपाय ठरलेला होता: तुकडे एकत्र करा, शेतं मोठी करा.

1918 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी याच प्रश्नावर निबंध लिहिला आणि निदानच उलटवलं. शेत लहान की मोठं हे एकरांवरून ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुटुंबाला किती लागतं यावरूनही ते ठरत नाही. ते ठरतं शेतकऱ्याजवळच्या बैलांवरून, नांगरावरून, भांडवलावरून. बैलजोडीच नसलेल्या माणसाला पाच एकरसुद्धा जास्त होतात. दोन घरांनी एकेक बैल आणून सावड करायची ही आपल्याकडची जुनी रीत आठवली, तर मुद्दा लगेच कळतो. अर्ध्या बैलजोडीने अर्धी नांगरट होत नाही. सावड जमेपर्यंत वाट पाहायची आणि तोवर वाफसा निघून जातो.

मग भांडवल का नाही? कारण शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत आणि त्यांचे हात रिकामे आहेत. रिकामा माणूसही खातोच. काम करणाऱ्याच्या कष्टातून जे उरलं असतं, ते त्याच्या पोटात जातं. भांडवल म्हणजे साठवलेली शिल्लक. श्रमच नाहीत तिथे कमाई नाही, शिल्लक नाही, भांडवल नाही. आंबेडकरांचा उपाय म्हणून जमिनीबाहेरचा होता: उद्योग वाढवा, जादा माणसं तिकडे जाऊ द्या, शेतावरचा भार आपोआप हलका होईल.

नर्क्से यांनी 33 वर्षांनी याच रिकाम्या हातांना दडलेली बचत म्हटलं. शेतावर दहा जण आहेत, पीक सात जणांच्या कामावर येतं. उरलेले तीन जण जेवतातच. त्यांना बांध, रस्ता, कालव्याच्या कामावर न्या आणि त्यांचं जेवण त्याच शेतावरून पाठवा. कुणाचा घास कमी न करता देशात भांडवल उभं राहील. अडचणही त्यांना दिसत होती. तीन जण गेले की मागचे सात जण आधी स्वतः पोटभर खाणार. इतकी वर्षं अर्धपोटी असलेल्यांनी ते का खाऊ नये? धान्य कामावर पोहोचेपर्यंत मध्येच मुरतं. ते पोहोचवायला कुणाकडून तरी कर घ्यावा लागतो.

नेमकं हेच महाराष्ट्रात घडलं, नर्क्से यांचं नाव न घेता. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला उतरली. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं. तिच्या पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसला. महाराष्ट्रातल्या पगाराच्या पावतीवर आजही कापले जाणारे 200 रुपये त्याचेच. माझ्या मते, दडलेली बचत प्रत्यक्षात उतरवण्याचा हा देशातला सर्वांत प्रामाणिक प्रयत्न होता. त्याचं दुखणंही त्याच जागी होतं. मजुरी मिळाली, चुली पेटल्या, पण अर्धवट राहिलेला बंधारा किंवा गाळाने भरलेला तलाव पाणी देत नाही. जेवण पोहोचलं, भांडवल मात्र तितकं उभं राहिलं नाही.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात दिल्लीत मात्र हे चक्र गणित म्हणून मांडलं जात होतं. उत्पन्नातले सुमारे 5 टक्के गुंतवणुकीत जात. एक रुपया उत्पन्न वाढायला तीन रुपये भांडवल लागतं, असं गृहीत होतं. पाचला तीनने भागा: वर्षाला 1.67 टक्के वाढ. लोकसंख्या 1.25 टक्क्यांनी वाढणार असं धरलं होतं. माणशी उरले 0.42 टक्के, आणि या गतीने माणशी उत्पन्न दुप्पट व्हायला 160 हून अधिक वर्षं लागतात. सापळा तो हाच. म्हणून बचत 20 टक्क्यांवर न्यायची आणि सुमारे 27 वर्षांत माणशी उत्पन्न दुप्पट करायचं, असा बेत होता.

बचत खरोखर वाढली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती 20 टक्क्यांच्या वर गेली. वाढीचा दर मात्र साडेतीन टक्क्यांच्या आसपासच घुटमळला. एका रुपयाला तीनऐवजी सहाच्या घरात भांडवल लागू लागलं होतं, आणि लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती. चक्राची जी कडी सगळ्यांत कठीण मानली, ती तुटली. ज्यांना स्थिर धरलं होतं, त्या दोन सरकल्या. गरीब देश बचत करूच शकत नाही, हा समज त्यानंतर टिकायला नको होता.

अर्थशास्त्रज्ञ पीटर बाउर यांचा आक्षेप त्याहून मुळातला होता. चक्र खरोखर बंद असतं तर कुठलाच देश कधी श्रीमंत झाला नसता, कारण सुरुवातीला सगळेच गरीब होते. देशांच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा टिकला आहे. घराच्या बाबतीत मात्र नाही, आणि ते बांगलादेशात दिसलं.

तिथे ‘ब्रॅक’ या संस्थेने 2007 मध्ये अतिगरीब घरांतल्या बायकांना मुख्यतः गायी दिल्या. संशोधकांनी त्यांतल्या सुमारे 6,000 घरांचा 11 वर्षं माग काढला आणि निष्कर्ष 2022 मध्ये छापले. देशादेशांतला भावफरक काढून मोजलं तर सुमारे 504 डॉलरच्या मालमत्तेवर एक उंबरठा सापडला. गाय मिळाल्यावर जी घरं त्याच्या वर गेली, ती पुढे चढत गेली. जी खाली राहिली, ती हळूहळू जुन्या जागी परतली. गाय सगळ्यांना सारखीच मिळाली होती. फरक आधीच्या किडुकमिडुकाचा होता. गायीबरोबर गोठा लागतो, दूध न्यायला गाडी लागते. ज्यांच्याकडे त्यातलं थोडंफार होतं, त्यांनाच ती पुरली. सुमारे एक तृतीयांश घरांना गाय मिळूनही उंबरठा ओलांडता आला नाही.