संदर्भ क्रमांक पहिल्या उल्लेखानुसारच का, आणि मध्ये नवा संदर्भ आला तर काय करायचे

जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक अनौपचारिकपणे भेटले. लेखकांनी हस्तलिखित कोणत्या स्वरूपात पाठवावे, याचे समान नियम त्यांना हवे होते. १९७९ मध्ये ते नियम छापले गेले. संदर्भ लिहिण्याचे नमुने अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार केले होते. या पद्धतीला आजही ‘व्हँकुव्हर’ म्हणतात. तिचा मुख्य नियम असा: मजकुरात जो संदर्भ आधी येईल त्याला आधीचा क्रमांक, आणि पुढे सर्वत्र तोच.

यामागचे कारण साधे आहे. मजकुरात लेखकाचे नाव नसते, नुसता [१४] असतो. क्रम उल्लेखाचाच असला की वाचणारा मजकूर आणि सूची शेजारी ठेवून सरळ खाली जाऊ शकतो. [६] नंतर पहिल्यांदाच एकदम [८] दिसला, तर सातवा संदर्भ मजकुरातून गळला आहे किंवा जागा चुकली आहे, हे परीक्षकाला तिथेच कळते. सूची वर्णानुक्रमे लावून मग क्रमांक देणाऱ्याही शैली आहेत, पण तिथे ही तपासणी होत नाही.

खरा त्रास नवा संदर्भ मध्ये घुसवताना होतो. समजा आठ संदर्भ आहेत आणि तिसऱ्याच्या पहिल्या उल्लेखानंतर, चौथ्याच्या आधी एक नवा आला. तो ४ होईल, जुने ४ ते ८ हे ५ ते ९ होतील. पुढे एका वाक्यात [३–५] असेल, तर ते [३–६] करू नका. जुने ३, ४, ५ आता ३, ५, ६ आहेत, म्हणून [३,५,६] लिहायचे. नाहीतर नवा संदर्भ ज्या विधानाला आधार देतच नाही, त्याच्यामागे जाऊन बसतो. ही चूक वाचताना डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती सर्वांत वाईट.

हाताने बदलताना आधी सगळ्या पट्ट्या आणि जोड्या सुट्या करा: [३–५] चे [३][४][५], [४,७] चे [४][७]. मग शेवटून सुरुवात करा: [८] चा [९], [७] चा [८], असे [४] पर्यंत. उलट दिशेने गेलात तर [४] चा [५] होतो, पुढच्या फेरीत तोच [६], आणि अखेर सगळेच [९]. त्यानंतर नवा [४] घाला, सूचीही तशीच सरकवा आणि शेवटी कंस पुन्हा जोडा.

नवा म्हणून घातलेला संदर्भ सूचीत आधीच आठवा असेल, तर तो ४ होतो, जुने ४ ते ७ एकेकाने सरकतात आणि आठव्याच्या पुढे आणखी संदर्भ असतील, तर ते मात्र जागचे हलत नाहीत.

फक्त तक्त्यात किंवा आकृतीखालच्या ओळीत आलेला संदर्भ तक्ता पानावर कुठे छापला यावर ठरत नाही. मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे आहे, तिथला क्रमांक त्याला मिळतो. लाटेकमध्ये `unsrt` शैली क्रम आपोआप लावते, पण आकृतीच्या मथळ्यात `\cite` असेल आणि सुरुवातीला तेच मथळे यादीत छापणारे `\listoffigures` असेल, तर तो संदर्भ थेट १ होऊन बसतो. `notoccite` पॅकेज हेच अडवते.