अर्जात पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड आणि रुजू होण्याची तारीख कशी लिहावी?

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जाहिरातींत शेवटी हमखास एक ओळ असते : ‘अर्जात सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस कालावधी व रुजू होण्याची तारीख नमूद करावी.’ अर्जाचा बाकीचा मजकूर लोक नीट लिहितात आणि या ओळीपाशी येऊन ‘पगार आपल्या नियमानुसार, ताबडतोब रुजू होऊ शकतो’ असं ठोकून देतात. ज्याने विचारलं, त्याच्या दृष्टीने हे उत्तर नाही. अर्ज छाननीत बाजूला पडतो, किंवा मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येतो आणि तिथे तयारी नसते.

ही माहिती कोणी द्यायची

जाहिरातीत मागितली असेल तरच. सरकारी भरतीत वेतनश्रेणी ठरलेली असते आणि जिल्हा परिषदेच्या कंत्राटी पदांना एकत्रित मानधन जाहिरातीतच छापलेलं असतं. तिथे अपेक्षा लिहिणं म्हणजे जाहिरात न वाचल्याची कबुली. शासकीय सेवेत असलेल्याला तिथे बहुधा कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याचा विषय वेगळा.

पहिलीच नोकरी असेल तर सध्याच्या पगारापुढे ‘लागू नाही’ लिहावं, जागा कोरी सोडू नये. नोटीस नसतेच. रुजू होण्याची तारीख मात्र निकालावर आणि गुणपत्रक हातात पडण्यावर अवलंबून असते, तेवढं लिहिलं की झालं.

खरी गुंतागुंत आहे ती नोकरीत असलेल्यांची. म्हणून पुढचं सगळं एकाच उदाहरणावर.

सध्याचा पगार : एकच पगार, तीन आकडे

जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात एक डिप्लोमाधारक सुपरवायझर आहे असं धरू. मूळ पगार व महागाई भत्ता १५,०००, घरभाडे भत्ता ४,५००, इतर भत्ते ४,५००. ही बेरीज २४,०००, म्हणजे त्याचा ग्रॉस. यातून मूळ पगार व महागाई भत्त्यावर पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८००, आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात येतात २२,०००. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, त्यामुळे त्या महिन्याची स्लिप जोडली तर आकडा शंभराने जुळत नाही. घाबरायचं कारण नाही.)

तिसरा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा. ग्रॉसमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ७२०, आणि दिवाळीचा १५,००० बोनस बारा महिन्यांत वाटून १,२५० मिळवले की महिन्याला २७,७७० च्या आसपास होतात. वर्षाचे सुमारे ३ लाख ३३ हजार. पगार तोच, पण कोणी २२ सांगेल, कोणी २४, कोणी पावणेअठ्ठावीस. तिघेही खरं बोलत आहेत.

त्यामुळे आकड्याआधी त्याचं नाव लिहायचं : ‘ग्रॉस, दरमहा’. आपल्याकडे आणखी एक खोड आहे, बारा तासांच्या ड्युटीचा ओव्हरटाइम पगारात धरून सांगण्याची. महिन्याला चार-पाच हजार ओव्हरटाइम मिळतो म्हणून २८,००० लिहिलं, आणि नव्या कंपनीने स्लिपा मागितल्या, तर त्यात ओव्हरटाइमचा रकाना वेगळा दिसतो. मग आकडा फुगवून सांगितला असा अर्थ निघतो, तुमचा हेतू तसा असो वा नसो. ओव्हरटाइम सांगायचाच असेल तर ‘याशिवाय ओव्हरटाइम’ असं वेगळं लिहावं.

ठेकेदारामार्फत कामाला असाल तर नियोक्ता म्हणून ठेकेदाराचं नाव लिहा आणि कंसात ज्या कारखान्यात काम करता त्याचं. पीएफच्या पासबुकात ठेकेदाराचंच नाव असतं. नुसतं कारखान्याचं नाव लिहिलं तर पडताळणीत तो कारखाना ‘हा माणूस आमच्या पगारपत्रकावर नाही’ असं सांगून मोकळा होतो.

अपेक्षित पगार : खालचा आकडा आधी ठरवा

आपला सुपरवायझर धुळ्याच्या कारखान्यात अर्ज करतोय. घर जळगावला, जेवण आईच्या हातचं, भाडं नाही. धुळ्यात खोली आणि मेस मिळून ७,००० चा खर्च त्याने धरला. म्हणजे आज जेवढे उरतात तेवढेच उरायला हातात २९,००० यायला हवेत. त्यात पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० मिळवले की ग्रॉस होतो ३१,०००. हा त्याचा तळ. याच्या खाली गेलं तर बढती मिळून खिसा रिकामाच.

त्याने अर्जात लिहावं : ‘अपेक्षित ग्रॉस ३१,००० ते ३३,००० दरमहा’. वाचणारा माणूस पट्ट्यातला खालचाच आकडा उचलतो, हे गृहीत धरूनच खालचा आकडा लिहायचा. २६ ते ३५ असा ऐसपैस पट्टा लिहिला तर २६ वर बोलणी सुरू होतात आणि २७ ला संपतात. दोन-तीन हजारांपेक्षा मोठा पट्टा ठेवू नये.

आता नुसतं ‘३१,०००’ लिहिलं, ग्रॉस हा शब्द टाकला नाही, तर काय होतं ते पाहा. कंपनीने ते सीटीसी म्हणून धरलं. त्यातून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बोनस वजा केला की ग्रॉस राहतो साधारण २७,२००, आणि हातात २५,२००. खोली-मेसचे ७,००० गेले की उरतात १८,२००. आज घरी राहून २२,००० उरतात. एक शब्द राहिला आणि महिन्याला ३,८०० चा खड्डा पडला. शिवाय ग्रॅच्युइटी सीटीसीत दिसली तरी ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं सेवा झाल्यावरच हातात येते, त्यामुळे दर महिन्याच्या हिशेबात ती धरायचीच नाही.

ज्यांचा आजचा ग्रॉस २१,००० किंवा कमी आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं : नव्या ठिकाणी पगार त्या रेषेच्या वर गेला की तिथे ईएसआय लागू होत नाही. घरात कोणाचे उपचार ईएसआयवर चालू असतील तर तो खर्च तळाच्या आकड्यात मिळवूनच अपेक्षा लिहा.

‘इतक्या टक्के वाढ हवी’ असं मात्र लिहू नये. टक्केवारी कोणत्या आकड्यावर, हा वाद पुन्हा तिथेच येतो.

नोटीस पिरियड : आठवणीवर नको, नेमणूकपत्र काढा

नेमणूकपत्रातलं सेवासमाप्तीचं कलम वाचा. प्रोबेशनमध्ये एक मुदत आणि कायम झाल्यावर दुसरी, असं बहुतेक ठिकाणी असतं. कायम होताना वेगळं पत्र मिळालं असेल तर त्यातली मुदत चालते. त्याच कलमात नोटीस न देता जायचं असेल तर किती पगार भरायचा तेही असतं, आणि तो मूळ पगारावर की ग्रॉसवर, हा शब्द शोधून वाचा. आपल्या उदाहरणात १५ दिवस कमी भरले तर मूळ पगारावर ७,५०० जातात, ग्रॉसवर १२,०००.

हे पैसे नवी कंपनी देईल का, हा प्रश्न अर्जात विचारू नये. निवड झाल्यावर बोलण्याची ती गोष्ट. अर्जात फक्त मुदत लिहायची : ‘नोटीस ३० दिवस’. नोटीस तीन महिन्यांची असेल तर ती लपवून एक महिना लिहू नये. रुजू व्हायची वेळ आली की ते उघडं पडतंच.

रुजू होण्याची तारीख : कॅलेंडरची नको, दिवसांची

समजा अर्जाची शेवटची तारीख १० मार्च. अर्जात ‘१५ एप्रिलला रुजू होईन’ लिहिलं. पण छाननी, मुलाखत करत निवडपत्र आलं ३१ मार्चला. राजीनामा लेखी निवडपत्राच्या आधी द्यायचाच नसतो, म्हणून तो गेला १ एप्रिलला. तो दिवस धरून ३० दिवसांची नोटीस संपते ३० एप्रिलला. लिहिलेली १५ एप्रिल कधीच मागे पडली.

त्यात एप्रिल-मे म्हणजे आखाजीचे दिवस. बहिणीला माहेरी आणायला जायचं, तीन दिवसांची सुट्टी काढायची. नोटीसमध्ये घेतलेली रजा अनेक कंपन्या पुढे वाढवून घेतात, म्हणजे शेवटचा दिवस सरकला ३ मेवर. मग चार्ज द्यायचा, ओळखपत्र जमा करायचं, कार्यमुक्तीचं पत्र घ्यायचं. १ मेची सुट्टी मध्ये आलेली असते, आणि पत्रावर सही करणारा साहेब नेमका रजेवर.

म्हणून लिहायचं : ‘निवडपत्र मिळाल्यापासून ३५ दिवसांत’. ३१ मार्चपासून ३५ दिवस म्हणजे ५ मे. रजा वाढली तरी एक दिवस पत्रासाठी उरतो. फॉर्ममध्ये तारखेचा रकाना सक्तीचा असेल तर ५ मे भरा आणि पत्रात ‘निवडपत्र ३१ मार्चपर्यंत मिळाल्यास’ ही अट जोडा.

तारखा एकमेकींवर चढू देऊ नका. जुनी नोकरी सोडल्याची आणि नवी धरल्याची तारीख दोन्ही पीएफच्या खात्यात नोंदल्या जातात. एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर दिसलात तर स्पष्टीकरण द्यावं लागतं.

अर्जात जागा आणि मजकूर

ही माहिती सुरुवातीला नको. अनुभव आणि कामाचा परिच्छेद झाला की शेवटून दुसरा परिच्छेद हिचा. विषयाच्या ओळीत पगार लिहू नये. मजकूर असा :

> जाहिरातीत मागितल्याप्रमाणे माहिती देत आहे. सध्याचा ग्रॉस पगार दरमहा रु. २४,००० (ओव्हरटाइम वगळून, वार्षिक बोनस वेगळा). अपेक्षित ग्रॉस पगार दरमहा रु. ३१,००० ते ३३,०००. धुळे येथे राहण्याचा खर्च यात धरला आहे. नेमणूकपत्रानुसार नोटीस ३० दिवसांची आहे. निवडपत्र मिळाल्यापासून ३५ दिवसांत रुजू होऊ शकेन. पगाराचे पुरावे मुलाखतीच्या वेळी सादर करीन.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. स्लिपा अर्जासोबत जोडायच्या नाहीत, जाहिरातीत स्पष्ट मागितल्या असतील तरच जोडा. मुलाखतीला नेण्याच्या फाइलमध्ये मात्र मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, नेमणूकपत्र, शेवटच्या पगारवाढीचं पत्र, पगार जमा होतो त्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि पीएफ पासबुकाची प्रत असू द्या. पगार रोखीत मिळत असेल आणि स्लिपच नसेल तर व्हाउचरच्या किंवा पगारपत्रकाच्या सहीच्या पानाची प्रत मिळते का पाहा. तेही नसेल तर अर्जात तेवढाच आकडा लिहा जेवढा कागदावर दाखवता येईल.