अख्ख्या आवळ्याचा मुरांबा सुरकुततो कशामुळे?

मोरावळा आपल्याकडे बहुतेक घरांत किसून किंवा फोडी करून होतो. अख्ख्या आवळ्याच्या मुरांब्याचं मोठं केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातला प्रतापगढ जिल्हा. तिथला चांगला मुरांबा पाहिला की लक्षात येतं, मोठा, गोल, मधासारखा पारदर्शक आवळा दातांखाली सहज तुटतो, पण बोटांनी दाबला तर आकार सोडत नाही. घरी तोच प्रयत्न केला की बरेचदा बरणीत बोराएवढे, कातडं आवळलेले, चिवट गोळे उरतात. साखर तीच, आवळाही तोच. मग फरक पडतो कुठे?

फरक वेगाचा आहे. पाकात घातलेल्या आवळ्यात एकाच वेळी दोन प्रवास सुरू असतात. फळातलं पाणी बाहेर पाकाकडे निघतं आणि पाकातली साखर आत शिरायला बघते. पाण्याचा रेणू लहान, साखरेचा त्याच्या एकोणीसपट वजनाचा. अरुंद दारातून पोरं सटकन बाहेर पळावीत आणि आत येणारं कपाट मात्र अडून राहावं, तसं होतं. पाक जितका दाट, तितकं पाणी जोरात ओढलं जातं आणि साखरेचा आत येण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. बाहेर गेलेल्या पाण्याची जागा भरायला साखर वेळेत पोहोचली नाही की पेशी आतल्या आत मिटतात आणि साल सैल पडून दुमडते. हीच सुरकुती. टोचणं, उकडणं, पाक टप्प्याटप्प्याने वाढवणं ही सगळी कामं या दोन वेगांचा मेळ घालण्यासाठी आहेत.

आता टोचण्याबद्दल. आवळ्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून धुतलेल्या आवळ्यावर पाणी थेंबाथेंबाने ओघळतं. हा थर साखरेला जवळजवळ बंद दरवाजाच असतो. काट्याने टोचे मारले की त्यातून वाटा तयार होतात. पण त्या वाटा बीपर्यंत जायला हव्यात. नुसती साल टोचली तर बाहेरचा थर गोड होतो आणि बीजवळचा गर तुरट, पांढुरका राहतो. टोचे सगळीकडून सारखे पडले पाहिजेत, कारण एकाच बाजूला दाटी झाली तर उकडताना आवळा तिथेच फाटतो. काटा स्टीलचाच घ्यावा. आवळ्यात टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळपट निळा रंग तयार होतो. गंजकी सुई वापरली तर प्रत्येक भोकाभोवती काळा ठिपका दिसतो. लोखंडी कढईत तर अख्खा घाणा काळवंडतो.

टोचलेले आवळे एक दिवस मिठाच्या पाण्यात ठेवतात, लिटरला साधारण २० ग्रॅम मीठ. त्यात तुरटपणा बराच उतरतो. त्यानंतर जुन्या पद्धतीत तुरटीचं पाणी येतं. मला स्वतःला चुन्याची निवळी अधिक पसंत आहे. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा चुना ढवळायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये अडकून त्यांना बांधतं आणि उकळताना पेक्टिन लवकर विरघळत नाही. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियमही हेच काम करतं, पण नीट धुतलं गेलं नाही तर तिची चव मागे राहते. निवळीत तीन-चार तास पुरतात. रात्रभर ठेवले तर गर रबरासारखा होतो, शिवाय अल्कधर्मी पाण्यात क जीवनसत्त्वही लवकर नासतं. बाहेर काढल्यावर आवळे दोन-तीन पाण्यांनी धुवायचे.

उकडणं ही खरी कसोटी. ते फक्त मऊपणासाठी असतं, असं बहुतेकांना वाटतं. कच्च्या आवळ्याची पेशी जिवंत असते आणि तिचं पातळ आवरण पाण्याला जाऊ देतं, पण साखरेला अडवतं. म्हणूनच कच्चा आवळा थेट पाकात टाकला तर पाणी तेवढं निघून जातं आणि तो आक्रसतो. उष्णतेने हे आवरण मोडतं आणि साखरेची वाट मोकळी होते. पण उष्णता वाढत गेली की पुढे पेक्टिनही विरघळू लागतं. म्हणजे आवरण मोडायचं आणि भिंती मात्र उभ्या ठेवायच्या. या दोहोंमधला अवकाश काही मिनिटांचाच असतो.

म्हणून पाणी खळखळून उकळू द्यायचं नाही. आधी उकळी आणायची, आवळे सोडायचे आणि आच इतकी कमी करायची की तळातून बारीक बुडबुडे येत राहतील, पण फळं एकमेकांवर आपटणार नाहीत. मध्यम आकाराच्या आवळ्याला सहा ते दहा मिनिटं लागतात. नजर घड्याळापेक्षा फळावर हवी. हिरवा रंग जाऊन मळकट पिवळा येतो, कारण फळातल्या आम्लामुळे हरितद्रव्याचं रूप बदलतं. सालीवर देठापासून खाली उतरणाऱ्या सहा रेषा ठळक दिसू लागतात. त्या दिसू लागताच काटा टोचून पाहायचा. थोडा अडखळत बीपर्यंत गेला की आच बंद. रेषांवर चीर पडली तर उशीर झाला, असे आवळे फोडींच्या मोरावळ्याला द्यावेत. काढलेले आवळे लगेच फडक्यावर पसरायचे, नाहीतर गरम ढिगात आतल्या आत शिजत राहतात. उकडलेल्या पाण्यात बरंच क जीवनसत्त्व उतरतं, म्हणून काही जण पहिला पाक त्याच पाण्यात करतात. चव थोडी तुरट आणि रंग गडद होतो, एवढी तयारी असेल तर पद्धत चांगली आहे.

आता पाक. उकडलेल्या एक किलो आवळ्यात साधारण ८०० ग्रॅम पाणी असतं, हा आकडा डोक्यात ठेवला की पुढचं सगळं उलगडतं. पहिल्या दिवशी पाऊण लिटर पाण्यात अर्धा किलो साखर विरघळवून एक उकळी आणायची. हा ४० टक्क्यांचा पाक झाला, म्हणजे १०० ग्रॅम पाकात ४० ग्रॅम साखर. तो कोमट झाल्यावर आवळे बुडवायचे. सुरुवातीला ते तरंगतात, कारण गरात हवा असते आणि पाक त्यांच्यापेक्षा जड असतो. वर वजनाला ताटली ठेवावी. दुसऱ्या दिवशी पाक चाखला तर तो पातळ लागतो. आवळ्यातलं पाणी त्यात मिसळून तो तीस टक्क्यांच्याही खाली आलेला असतो.

आवळे बाजूला काढून त्या पाकात आणखी अर्धा किलो साखर घालायची, उकळायचं, कोमट करून पुन्हा ओतायचं. तिसऱ्या दिवशी शेवटची अर्धा किलो साखर, तसंच. ओतताना पाक आता ५४ टक्क्यांच्या आसपास असतो. चौथ्या दिवसापासून साखर घालायची नाही, रोज पाक आटवून साधारण २०० ते २५० ग्रॅम पाणी उडवायचं. उकळायचा तो फक्त पाक, आवळे कधीच नाहीत. दाट पाकात आवळे उकळणं हे चिवटपणाचं सर्वात मोठं कारण आहे. या सुरुवातीच्या दिवसांत रोजची उकळी चुकवून चालत नाही. पातळ पाक यीस्टला फार आवडतो आणि थंडी कमी असेल तर दीड दिवसातच तो फसफसू लागतो.

मुक्काम ७० टक्क्यांवर. तिथे साखर उरलेलं पाणी असं धरून ठेवते की बहुतेक जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. तो मुक्काम ओळखायचा कसा? एकतारी पाक ही जुनी खूण आहे, पण आवळ्याचं पेक्टिन उतरलेल्या पाकाची तार लवकर धरते आणि फसवते. माझा विश्वास वजनकाट्यावर. एक किलो आवळे आणि दीड किलो साखर घेतली असेल, तर आवळे आणि पाक मिळून वजन २.३ ते २.४ किलोवर आलं की पाक सत्तरीला पोहोचला. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं एवढंच. थर्मामीटर असेल तर उकळत्या ७० टक्के पाकाचं तापमान साध्या पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साडेपाच ते सहा अंश जास्त असतं. पुण्यासारख्या उंचावरच्या शहरात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, म्हणून आधी आपल्या घरचं पाणी मोजून घ्यावं आणि त्यात हे अंश मिळवावेत.

तोवर आवळा स्वतःही सांगू लागतो. गरातल्या हवेची जागा पाकाने घेतली की तो पारदर्शक दिसतो आणि तळाशी बसतो. एक कापून पाहावा, बीपर्यंत रंग सारखा हवा. मधे पांढुरका पट्टा असेल तर साखर अजून वाटेत आहे.

सर्वात जास्त मुरांबे फसतात ते यानंतर. सत्तरीचा पाक बघून बरणी बंद होते, पण फळाच्या आतला रस अजून साठीतच असतो. आठवडाभरात आतलं पाणी बाहेर येतं, पाक सैल होतो आणि महिन्याने झाकण उघडलं की बुडबुडे आणि आंबूस वास. म्हणून बरणी भरल्यावर आठ दिवसांनी पाक पुन्हा पाहायचा. पातळ झाला असेल तर फक्त पाक काढून परत आटवायचा. साखरेचे खडे बसतील ही भीती मात्र आवळ्याच्या बाबतीत कमी असते. नुसत्या साखरेचा इतका दाट पाक थंड झाल्यावर खडे धरतो, पण आवळ्याचं आम्ल रोजच्या उकळीत थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि ही मिसळ सहसा खडे धरू देत नाही. तरीही तळाशी खडे दिसले तर पाक सत्तरीच्या बराच पुढे गेला आहे, थोडं पाणी घालून उकळावा.

जात निवडतानाही थोडा विचार करावा. बनारसी, कृष्णा अशा मोठ्या फळांच्या जाती मुरांब्याला बऱ्या. आपल्याकडच्या डोंगरी, बारीक आवळ्यात धागा जास्त असतो. तो कितीही काळजीने केला तरी तोंडात चोथा उरतो, त्याचा किसाचा मोरावळाच उत्तम.

आणि मुरांबा सुरकुतलाच तर? आवळे ४० टक्क्यांच्या कोमट पाकात एक-दोन दिवस ठेवून, पुन्हा वरच्याच क्रमाने पाक वाढवत नेला तर ते काही प्रमाणात फुगतात. सुरकुती पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसली आणि लगेच मागे फिरलं तर फरक स्पष्ट जाणवतो. महिनाभर बरणीत राहिलेला आवळा मात्र फारसा सावरत नाही, त्याच्या मिटलेल्या पेशींच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. तो बी काढून बारीक चिरावा आणि शिऱ्यात किंवा लाडवात घालावा.