डमी स्तंभातलं शून्य: असंतुलित वाहतूक समस्येची पार्श्वभूमी

अनेक स्रोतांतून अनेक गंतव्यांना कमीत कमी खर्चात माल कसा पोचवायचा, ही वाहतूक समस्या शिकवताना एक नियम हमखास सांगितला जातो. एकूण पुरवठा आणि एकूण मागणी जुळत नसतील, तर एक डमी गंतव्य किंवा डमी स्रोत घालायचा आणि त्याच्या सगळ्या चौकटींत खर्च शून्य लिहायचा. नियम सोपा आहे आणि गणित सुटतंही. पण तो मुळात का लागला आणि ते शून्य नेमकं काय म्हणतं, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यामुळे शून्य जिथे चालत नाही तिथेही ते निमूटपणे लिहिलं जातं.

या समस्येच्या सुरुवातीच्या रूपांत असंतुलन नव्हतंच. १७८१ सालच्या निबंधात गास्पार माँज या फ्रेंच गणितज्ञाने खणलेली माती भरावाच्या जागी कमीत कमी कष्टात कशी न्यावी, असा प्रश्न मांडला. खणलेल्या मातीचं घनफळ आणि भरावाचं घनफळ सारखंच, हे त्यात गृहीतच होतं. १९४१ मध्ये फ्रँक हिचकॉक यांनी अनेक कारखान्यांतून अनेक शहरांना माल पोचवण्याचा प्रश्न मांडला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रूपातही प्रत्येक कारखान्यातून ठरलेला सगळा माल निघतो आणि प्रत्येक शहराला ठरलेला सगळा माल मिळतो. दोन्ही बाजूंच्या बेरजा समान असतात.

त्याच सुमारास ट्यालिंग कूपमन्स वॉशिंग्टनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या जहाज वाहतुकीच्या नियोजनात काम करत होते. काही बंदरांत माल उतरवून जहाजं रिकामी व्हायची, तर दुसऱ्या बंदरांत माल चढवायला जहाजं हवी असायची. जहाजांचा रिकामा प्रवास कमीत कमी व्हावा म्हणून ती कुठून कुठे न्यायची, हा त्यांचा प्रश्न. इथे समतोल कुणी गृहीत धरायची गरज नव्हती, तो आपोआप होता. एका बंदरातून भरून निघालेलं जहाज कुठल्या तरी दुसऱ्या बंदरात रिकामं होणारच, म्हणून सगळ्या बंदरांतली जादा जहाजं आणि सगळ्या बंदरांतली कमतरता यांची बेरीज जुळतेच.

मग जॉर्ज डांट्झिग आले. त्यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत मांडली, आणि कूपमन्स यांनी संपादित केलेल्या १९५१ च्या ग्रंथात ती वाहतूक समस्येला कशी लावायची हे दाखवलं. इथे समानतेचा मोठा फायदा झाला. m स्रोत आणि n गंतव्यं असतील तर समीकरणं m + n होतात. पण दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या असल्यामुळे त्यातलं एक समीकरण उरलेल्यांतून आपोआप निघतं. म्हणून मूळ उत्तरात m + n − 1 चौकटी भरलेल्या असतात, आणि त्यांची रचना अशी असते की भागाकार न करता नुसत्या बेरीज-वजाबाकीने उत्तर सुटतं. हाताने गणित करण्याच्या त्या काळात ही गोष्ट सोन्यासारखी होती. पहिलं वाटप बसवणारी वायव्य कोपरा पद्धत काय किंवा ते तपासून सुधारत नेणारी, पुढे आलेली मोडी पद्धत काय, दोन्ही याच रचनेवर उभ्या आहेत. बेरजा जुळल्या नाहीत की हा सगळा डोलारा जसाच्या तसा वापरता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र बेरजा क्वचितच जुळतात. पुरवठा जास्त असेल तर स्रोताची अट ‘इतका माल निघालाच पाहिजे’ अशी राहत नाही, ‘जास्तीत जास्त इतका निघू शकतो’ अशी होते. अशा असमानतेचं समीकरण करायचं तर सिम्प्लेक्समध्ये प्रत्येक स्रोताला एक शिल्लक चल जोडतात, म्हणजे न वापरलेली क्षमता. हे सगळे शिल्लक चल एकाखाली एक लिहिले की तक्त्यात एक नवा स्तंभ तयार होतो. त्यांची बेरीजही ठरलेली असते, एकूण पुरवठा वजा एकूण मागणी. म्हणजे नव्या स्तंभाला स्वतःची ‘मागणी’ मिळते आणि जुना संतुलित तक्ता परत हाती येतो. डमी गंतव्य ते हेच. कागदावर ते एखाद्या गावासारखं दिसत असलं तरी तिथे काही पोचत नाही, डमी चौकटीतला आकडा म्हणजे त्या स्रोताकडे पडून राहिलेला माल. आणि शून्य येतं ते शिल्लक चलाचा खर्चाच्या बेरजेत काही वाटा नसतो म्हणून. ‘शिल्लक राहिल्याने काही खर्च होत नाही’ हे एक विधान आहे, आणि ते खरं आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

एक छोटं उदाहरण घेऊ. अ या कारखान्याची क्षमता ७० नग आणि ब ची ५०, एकूण १२०. क या केंद्राला ४५ नग हवेत आणि ख ला ५५, एकूण १००. २० नग जादा आहेत, म्हणून २० मागणीचा डमी स्तंभ घातला. चौकटींत प्रति नग वाहतूक खर्च आहे.

| | क | ख | डमी | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| अ | ४ | ८ | ० | ७० |
| ब | ५ | ६ | ० | ५० |
| मागणी | ४५ | ५५ | २० | १२० |

वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात केली की अ-क मध्ये ४५, अ-ख मध्ये २५, ब-ख मध्ये ३० आणि ब-डमी मध्ये २० बसतात. खर्च १८० + २०० + १८० = ५६०. न्यूनतम खर्च पद्धत घेतली तर आधी शून्याच्या चौकटी डोळ्यात भरतात. ब-डमी आधी भरली तर हेच वाटप येतं, अ-डमी आधी भरली तर वेगळं येतं. म्हणून काही शिक्षक डमी चौकटी सगळ्यात शेवटी भरायला सांगतात. सल्ला बरा आहे, पण त्याने फक्त सुरुवात बदलते. मोडीने तपासत गेलं तर शेवटचं उत्तर सुरुवात कुठूनही केली तरी सगळ्यात कमी खर्चाचंच निघतं.

ते उत्तर असं: अ-क ४५, अ-ख ५, अ-डमी २०, ब-ख ५०. खर्च १८० + ४० + ३०० = ५२०. भरलेल्या चौकटी ४ आहेत, म्हणजे २ + ३ − १, आकडा बरोबर जुळतो. तपासणीसाठी प्रत्येक रांगेला आणि स्तंभाला असा आकडा देतात की भरलेल्या चौकटीत त्या दोघांची बेरीज तिथल्या खर्चाइतकी येते. अ च्या रांगेला ० धरलं तर क ला ४, ख ला ८, डमीला ०, आणि ब च्या रांगेला −२ मिळतात. रिकाम्या ब-क चा फरक ५ − (−२ + ४) = ३, ब-डमी चा ० − (−२ + ०) = २. दोन्ही धन आहेत, म्हणून सुधारणा शक्य नाही. जादा २० नग अ कडे राहू द्यावेत, ब पूर्ण क्षमतेने चालवावा.

आता समजा एक नग तयार करायला अ ला २० आणि ब ला २५ खर्च येतो. हा खर्च गणितात घ्यायचा का? संतुलित समस्येत घेतला काय, न घेतला काय, वाटप बदलत नाही. प्रत्येक स्रोताचा सगळा माल निघणारच असतो, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येक चौकटीत सारखीच रक्कम मिळवली तर एकूण खर्च एका ठरलेल्या आकड्याने वाढतो आणि वाटप तेच राहतं. असंतुलित समस्येत मात्र हे सुख नाही. न बनवलेल्या नगाला उत्पादन खर्च लागत नाही, म्हणून २० आणि २५ हे फक्त खऱ्या चौकटींत मिळवायचे आणि डमीत शून्यच ठेवायचं. मग अ ची रांग २४, २८, ० अशी होते आणि ब ची ३०, ३१, ०.

आधीचं वाटप या नव्या तक्त्यात तपासलं तर अ ला ०, क ला २४, ख ला २८, डमीला ० आणि ब ला ३ मिळतात. ब-डमी चा फरक आता ० − (३ + ०) = −३, म्हणजे ती चौकट भरली पाहिजे. २० नग तिकडे वळवले की अ-क ४५, अ-ख २५, ब-ख ३०, ब-डमी २० असं वाटप होतं. खर्च २७७० वरून २७१० वर येतो. ब मधला एक नग न बनवल्याने ५ वाचतात, वाहतुकीत २ जास्त जातात, निव्वळ ३ चा फायदा होतो आणि २० नगांवर तो ६० होतो. मघाशी ५६० चं महागडं म्हणून सोडून दिलेलं वाटप आता सर्वोत्तम ठरलं.

इथे हमखास होणारी चूक अशी की उत्पादन खर्च डमी चौकटींतही मिळवला जातो. मग रांगेतल्या सगळ्या चौकटींत सारखीच वाढ होते आणि उत्तर पुन्हा पहिलंच येतं. माल आधीच तयार झाला असेल तर ते उत्तर बरोबरही आहे, कारण तो खर्च होऊन गेलेला आहे. नग बनवायचे की नाही हे अजून ठरायचं असेल तर मात्र ते चूक. गणिताकडे बघून यातलं काय खरं हे कळत नाही, शिल्लक नग अस्तित्वात आहेत की नाहीत हे विचारावं लागतं. आणि असतील तर ते ठेवायला काय लागतं, हेही. पहिल्याच तक्त्यात, तयार माल अ कडे ठेवायला नगामागे ३ लागतात आणि ब कडे काहीच नाही, असं धरून अ-डमी मध्ये ३ लिहून पाहा. अ कडे माल ठेवण्याच्या वाटपाचा खर्च ५२० + ६० = ५८० होतो आणि ब कडे ठेवण्याचा ५६० च राहतो. पारडं पुन्हा ब कडे झुकतं.

मागणी जास्त असली की सगळं उलट होतं, आणि जरा अवघडही. आता डमी स्रोताची रांग येते आणि तिच्या चौकटींतला आकडा म्हणजे त्या गंतव्याला न मिळालेला माल. सगळीकडे शून्य लिहिलं तर आपण असं म्हणतो की माल कुणाला कमी पडला तरी सारखंच. गणित मग ज्यांना पोचवणं महाग, त्यांचीच मागणी आधी कापतं. अंतराने दूर असलेलं केंद्र उपाशी राहतं, आणि तक्त्यात खर्च मात्र सुंदर दिसतो. तुटवड्याची भरपाई द्यावी लागत असेल तर ती प्रत्येक गंतव्यासाठी वेगळी डमी रांगेत लिहावी. एखाद्या गंतव्याची मागणी पूर्ण करणं बंधनकारकच असेल, तर त्याच्या डमी चौकटीत M हा खूप मोठा खर्च ठेवतात. शेवटच्या उत्तरात त्या चौकटीत तरीही काही नग उरले, तर आकडेमोड चुकली असं समजून शोधाशोध करू नये. बंधनकारक ठरवलेल्या मागण्यांची बेरीजच खऱ्या पुरवठ्याहून जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.