डीव्हीआरमध्ये चित्रण न साठणे

सुरक्षा कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर (डीव्हीआर किंवा एनव्हीआर) थेट दृश्य दिसत असूनही ते हार्ड डिस्कवर न उतरणे. कॅमेऱ्याकडून पडद्याकडे जाणाऱ्या दृश्याला डिस्क लागत नाही, म्हणून दोष बहुधा जुने चित्रण पाहायची वेळ आल्यावरच उघडकीस येतो. डिस्क बिघडली की रेकॉर्डर बीप देतो, पण कटकट नको म्हणून तो आवाज अनेक ठिकाणी बंद केलेला असतो.

डिस्क भरणे हा स्वतः दोष नव्हे. दर सेकंदाला 2 मेगाबिट देणारे चार कॅमेरे मिळून दिवसाला सुमारे 86 जीबी लिहितात, म्हणजे 1 टीबीची डिस्क साधारण अकरा दिवसांत भरते. त्यानंतर सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहायचे की थांबायचे, हे मेनूतील Overwrite ठरवते. ते बंद असल्यास बाराव्या दिवसापासून काहीच साठत नाही आणि शेवटचे चित्रण एका ठराविक तारखेला संपलेले दिसते. ही खूण पुरेशी बोलकी आहे. कुलूपबंद केलेल्या फायली मात्र Overwrite चालू असतानाही पुसल्या जात नाहीत.

डिस्कची प्रकृती तपासण्याच्या ‘स्मार्ट’ पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते मांडता येतात. आयबीएमने 1992 च्या सुमारास आपल्या सर्व्हरच्या डिस्कमध्ये बिघाडाचे पूर्वानुमान करणारी यंत्रणा आणली. ती डिस्कच्या आतच मोजमाप करी व ‘ठीक’ किंवा ‘लवकरच बिघडेल’ एवढेच सांगे. पुढे कॉम्पॅकने डिस्क-उत्पादकांसह इंटेलिसेफ ही पद्धत घडवली. तीत मोजमापे संगणकाला वाचता येत, आणि 1995 मध्ये ती प्रमाणीकरणासाठी मांडली गेली. आजचे आकड्यांचे कोष्टक पाहता दुसऱ्या परंपरेला अधिक श्रेय द्यावेसे वाटते, तरी मूळ कल्पना आयबीएमचीच म्हणावी लागेल.

या कोष्टकात 05 हा निकामी ठरवून बदललेल्या सेक्टरांचा आकडा, तर C5 हा वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांचा. दोन्ही वाढत असतील तर डिस्क बदलावी. दोन्ही शून्य असले म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चारही प्रमुख स्मार्ट संकेत शून्य होते. C7 वाढत असेल तर दोष डिस्कपेक्षा डेटा केबलमध्ये असण्याचा संभव अधिक.

सर्वांत फसवा प्रकार सैल वीजजोडाचा. साडेतीन इंची डिस्कला 12 आणि 5 व्होल्ट असे दोन दाब लागतात. मोटर फिरू लागताना ती 12 व्होल्टवर क्षणभर दीड ते दोन अँपिअर ओढते. मूळ बोर्डाकडून येणारा जोड सैल असेल किंवा 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर जुना होऊन कमकुवत झाला असेल, तर नेमक्या या क्षणी दाब कोसळतो. डिस्क टक्‌टक् करते, थांबते, पुन्हा फिरू लागते. टाइमलाइनवर वीस मिनिटांचे चित्रण, मग कोरी जागा, मग पुन्हा चित्रण असे तुकडे दिसतात. मेनूत डिस्क कधी Normal, तर कधी अजिबातच नसते. दुकानदार अशा वेळी नवी डिस्क घेतो आणि काही दिवसांनी तीही ‘मरते’.

निदानाला स्मार्टमधील 0C, म्हणजे डिस्क किती वेळा सुरू झाली तो आकडा, उपयोगी पडतो. समजा डिस्क काढून संगणकाला जोडली आणि तिचे 9,000 तास (09), म्हणजे साधारण 375 दिवस, आणि 1,800 सुरुवाती दिसल्या. 05 व C5 शून्य. सतत चालणाऱ्या यंत्रात डिस्क दिवसाला जवळपास पाच वेळा बंद पडून सुरू होत होती. हा आकडा आता रेकॉर्डरच्या नोंदवहीतील (लॉग) सुरुवातींशी ताडायचा. रेकॉर्डर थोड्याच वेळा सुरू झाला असेल तर दोष बोर्ड आणि डिस्क यांमधल्या जोडात. दोन्ही आकडे मोठे असतील तर अडॅप्टर किंवा घरची वीज. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे हा दुसरा निष्कर्ष जपूनच काढावा.

रेकॉर्डर मेनूतून बंद करून, प्लग काढून झाकण उघडावे. वीजजोडाची दोन्ही टोके उपसून घट्ट बसवावीत आणि पिवळसर किंवा करपलेला जोड बदलावा. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिनची ध्रुवता तीच असावी. मेनू डिस्क Uninitialized दाखवून इनिशिअलाइझ करायला सांगत असेल, तर जुने चित्रण हवे असताना तसे करू नये. त्याने सगळी अनुक्रमणिका पुसली जाते आणि सैल जोडामुळे न दिसलेले चित्रणही हाती लागेनासे होते.