सहयोगी सदस्य कोण? इतिवृत्ताच्या भाषांतराची पार्श्वभूमी

गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते दोन भाषांत फिरू लागली त्याचे मूळ कायद्यातच आहे. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम इंग्रजीत लिहिला गेला आणि २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. संस्थांचा कारभार मात्र मराठीत चालत राहिला. शब्दार्थावर वाद झाला की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजी पाठाकडेच जावे लागते. म्हणून ‘असोसिएट मेंबर’साठी ‘सहयोगी सदस्य’ हा ठरीव शब्द रुळला.

खरा गुंता २०१९ मध्ये झाला, आणि तो मराठीने केलेला नाही. तोवर कलम २ प्रमाणे असोसिएट मेंबर म्हणजे भाग संयुक्तपणे धारण करणारा, पण भाग दाखल्यावर ज्याचे नाव पहिले नाही असा सदस्य. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यात अशा माणसाला जॉइंट मेंबर म्हटले. असोसिएट मेंबर हा शब्द मात्र तसाच ठेवून त्याला दुसऱ्याच माणसावर बसवले: सदस्याच्या लेखी शिफारशीवरून घेतलेला नातेवाईक वगैरे, ज्याचे नाव भाग दाखल्यावर नसतेच. नवी व्याख्या करताना जुना शब्द वापरायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, २०११ च्या इतिवृत्तात असे आहे: “ठराव क्र. ७ : सदनिका क्र. १२ चे सदस्य यांच्या पत्नीस सहयोगी सदस्य म्हणून दाखल करून घेण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.” दाखल्यावर पत्नीचे नाव दुसरे आहे. पतीच्या निधनानंतर बँकेसाठी या ठरावाचे इंग्रजी भाषांतर होते. भाषांतरकार ‘असोसिएट मेंबर’ लिहितो. शब्द बरोबर, पण आजच्या व्याख्येने वाचणाऱ्याला वाटते की बाईंचे नाव दाखल्यावर नाही. उलट तो स्वतःच्या अकलेने ‘जॉइंट मेंबर’ लिहील, तर सभेने जे शब्द मंजूर केलेच नाहीत ते ठरावात शिरतात आणि मूळ वहीशी ताळा जमत नाही.

ठरावाच्या मजकुरात ‘असोसिएट मेंबर’च ठेवावे. ठराव क्रमांक आणि सभेची तारीख मुळाप्रमाणे द्यावी. ठराव संपल्यावर, वेगळ्या ओळीत, भाषांतरकाराची टीप म्हणून लिहावे की ही संज्ञा २०१९ पूर्वीच्या कलम २ मधील अर्थाने आहे. सोबत भाग दाखल्याची प्रत जोडावी, कारण नाव दुसरे आहे की नाही हे तिथेच दिसते.

इंग्रजीतून मराठीत येतानाही हाच घोळ होतो. २०१९ नंतरच्या ‘जॉइंट मेंबर’ला जुन्या सवयीने ‘सहयोगी सदस्य’ लिहिले जाते. पुढे कधी तो ठराव पुन्हा इंग्रजीत गेला की दाखल्यावर नाव असलेला माणूस कागदोपत्री नाव नसलेला होतो. त्यामुळे जुने इतिवृत्त हाती आले की मी आधी सभेची तारीख बघते, शब्द नंतर.