रात्री सव्वातीनची धडधड

मे महिन्यातली नागपूरची रात्र. खिडकीत कूलर घुरघुरतोय, खसाची टट्टी ओली आहे, तरी सक्करदऱ्यातल्या एका घरात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ बनियन भिजलेल्या अवस्थेत पलंगावर उठून बसले आहेत. छातीत धडधडतंय. दुकानाची उधारी, पोरीच्या कॉलेजची फी, परवा कोणाला तरी बोललेला एक शब्द, सगळं एकदम अंगावर आलंय. बायको जागी होऊन विचारते, "अहो, कूलर चालू आहे तरी एवढा घाम कायचा आला?" घड्याळात सव्वातीन वाजलेत.

हे गृहस्थ उदाहरणासाठी घेतलेत, पण असं उठून बसणारे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. "टेन्शन आहे, म्हणून दोन घोट घेतो. घेतले का झोप लागते," असं ते सांगतात. त्यांना रात्री लगेच झोप लागते हे खरंच आहे. पहाटेच्या धडधडीचं कारण मात्र ते दुकानात शोधत असतात, आणि ते बऱ्याच अंशी साडेआठला उघडलेल्या पव्व्यात असतं.

आधी साधा हिशेब करू. पव्वा म्हणजे 180 मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. म्हणजे पव्व्यात साधारण 77 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे 60 ग्रॅम. मध्यम बांध्याच्या माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल मोडतं. लिंबूपाण्याने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही. साडेआठ ते दहा या वेळात घेतलेली दारू पुरती उतरायला पहाटेचे चार-साडेचार वाजतात. सव्वातीनला रक्तातली बहुतेक दारू निघून गेलेली असते. माणूस उठून बसतो तो दारू चढल्यामुळे नाही, ती उतरत आल्यामुळे.

हे समजायला डोळ्यांपुढे कावड आणा. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन आहे, गाबा. त्यांना चेतवणारं दुसरं आहे, ग्लुटामेट. दोन्हींचा भार सारखा असला की कावड खांद्यावर नीट बसते. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणजे शांततेच्या बाजूला एकदम मोठा धोंडा येतो. पहिल्या तासात खांदे सैल होतात, जीभ मोकळी होते, काळजी दूर गेल्यासारखी वाटते. हा आराम खोटा नाही. पण मेंदू कावड अशी कलू देत नाही. तो दुसऱ्या बाजूला आपले दगड टाकायला लागतो: गाबाला दिली जाणारी दाद कमी करतो, ग्लुटामेटची वाढवतो, आणि अंगाला सावध करणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन व ताणाचं कॉर्टिसॉल यांचाही जोर वाढतो. दारूचा धोंडा काही तासांत निघून जातो, मेंदूने टाकलेले दगड मात्र तितक्या लवकर उचलले जात नाहीत. सव्वातीनला कावड चेतवणीच्या बाजूला कलते. घाम, धडधड आणि कारण नसताना वाटणारी भीती तिथून येते. मन मग त्या भीतीला कारण शोधतं, आणि उधारीची वही तर उशाशीच असते.

झोपेचंही असंच होतं. रात्रीच्या पहिल्या भागात दारू स्वप्नांची झोप दाबते, नंतरच्या भागात ती उसळून येते. म्हणून पहाटेची झोप तुटक आणि वाईट स्वप्नांची होते, आणि सकाळी तर्री पोह्याच्या टपरीवर उभा असलेला माणूस सात तास झोपूनही चिडचिडा असतो.

एखाद्या शनिवारी प्यायली, तर दगड दोन-एक दिवसांत उचलले जातात. रोज संध्याकाळी धोंडा येणारच असेल, तर मेंदू ते तिथेच राहू देतो. काही महिन्यांनी दोन गोष्टी दिसतात. पूर्वी निपमध्ये, म्हणजे अर्ध्या पव्व्यात, मिळणारा निवांतपणा मिळवायला पव्वा लागतो. आणि न प्यायलेल्या वेळेतलं मनच खाली सरकतं. मेंदूतल्या ताणयंत्रणेत सीआरएफ नावाचं रसायन जास्त सुटायला लागतं. डायनॉर्फिन नावाचं दुसरं रसायन आनंदाची चव देणाऱ्या डोपामिनला आवरून धरतं. मुलीचा निकाल चांगला लागला, घरी पाहुणे आले, कढईत सावजी मटण शिजतंय, तरी आतून काही हलत नाही. संध्याकाळची दारू आता आनंद देत नाही. दिवसभराची ती खालची पातळी तासभर वर आणते, तेवढंच. माणसाला मात्र तो तासभराचा फरकच जाणवतो, कारण आराम दहा मिनिटांत येतो आणि त्याची किंमत सात तासांनी. इतक्या लांबच्या दोन गोष्टी आपण आपणहून जोडत नाही. दारूला औषध समजणारा माणूस मूर्ख नसतो; त्याला दोन्ही टोकं एकत्र दिसलेली नसतात.

मग नैराश्य दारूमुळे आहे की आधीपासूनच आहे, हे कसं ओळखायचं? सगळ्यात भरवशाची कसोटी म्हणजे दारूशिवायचे चार आठवडे. सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी 1988 मध्ये दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या 191 पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. दाखल होताना त्यांच्यातल्या 42 टक्क्यांना उपचार लागावेत इतकं नैराश्य होतं. चार आठवडे दारू बंद राहिल्यावर ते फक्त 6 टक्क्यांत उरलं. उरलेल्यांचा आजार खरा आणि स्वतंत्र असतो, त्याला त्याचे उपचार लागतात. दारू चालू ठेवून नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्याला गोळ्यांचा पुरता गुण येत नाही. डॉक्टरांना पिण्याचं प्रमाण खरं न सांगितल्यास गोळीच बदलत राहते.

पण ही कसोटी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, अशी माणसंही आहेत. ज्यांचे हात सकाळी थरथरतात, ते थांबवायला सकाळीच घोट लागतो, किंवा ज्यांना पूर्वी दारू सोडताना फिट आली होती, त्यांच्या कावडीत दगड फार झालेले असतात. धोंडा एकदम काढला तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. त्यांनी मनोविकार तज्ज्ञाच्या देखरेखीत, औषधांच्या आधाराने आणि थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व घेत दारू सोडावी. विचारायचं कुठे हे कळत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आपल्या गृहस्थांचे हात थरथरत नव्हते, सकाळचा घोटही नव्हता. डॉक्टरांशी बोलून त्यांनी थांबवलं, तर काय होईल? पहिल्या आठवड्यात झोप आणखी बिघडेल, चिडचिड वाढेल. "पाहा, दारूच बरी होती," असं वाटण्याचे हेच दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धडधड उतरायला लागते, तरी झोप पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात. उशाशी उधारीच्या वहीबरोबर एक साधी वही ठेवून रोज दोन ओळी लिहाव्यात: किती वाजता जाग आली, आणि तेव्हा छातीत काय वाटलं. चौथ्या आठवड्यानंतर ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, की काय दारूचं होतं आणि काय मनाचं, हे त्यांना पानं उलटतानाच दिसायला लागतं.